आधीच्या एका प्रोजेक्टवर १० मिनिटांचं प्रेझेंटेशन: पॅनेलसमोर काय ठेवायचं, काय काढायचं

प्रश्न: चाकणला एका कंपनीत क्वालिटी इंजिनिअर आहे, ६ वर्षं झाली. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या कंपनीत असिस्टंट मॅनेजर क्वालिटीसाठी इंटरव्ह्यू आहे, त्यात आधीच्या एका प्रोजेक्टवर पॅनेलसमोर १० मिनिटं प्रेझेंटेशन द्यायचंय. माझा प्रोजेक्ट म्हणजे ॲल्युमिनियम हाउसिंगच्या बोअरचं रिजेक्शन ४ टक्क्यांवरून १ टक्क्याच्या आत आणलं, पार्ट गरम असतानाच मोजत होते हे कारण निघालं. क्वालिटी सर्कल स्पर्धेची २६ स्लाइडची पीपीटी तयार आहे, तीच कापून वापरू का? नक्की काय ठेवू? कोणी सिनियर सांगेल का प्लीज.

उत्तर:

ती पीपीटी बंद करा आणि कोरी फाइल उघडा. स्पर्धेची पीपीटी वाईट असते असं नाही, पण ती वेगळ्या माणसांसाठी केलेली असते. तिथे परीक्षकाच्या हातात मार्कांचा तक्ता असतो, विषय निवड, डेटा, फिशबोन, व्हाय-व्हाय, उपाय, स्टँडर्डायझेशन, आणि प्रत्येक पायरी दिसली की मार्क पडतात, म्हणून २६ स्लाइड लागतात. इंटरव्ह्यूच्या पॅनेलकडे तसा तक्ता असलाच तरी तो तुमच्या पायऱ्यांचा नसतो, तुमचा असतो. मी मशिनिंग प्लांटच्या क्वालिटीच्या पोस्टसाठी बरीच वर्षं अशा पॅनेलवर बसतोय आणि समोरचा बोलत असताना माझ्या डोक्यात एकच चाललेलं असतं, की हा माणूस उद्या रात्री ११ वाजता आमच्या लाइनवर एकटा उभा असेल आणि पार्ट नापास व्हायला लागले, तर हा काय बघेल आणि काय ठरवेल. २६ च्या १२ केल्या तरी त्या पायऱ्याच राहतात, फक्त जास्त घाईत सांगितलेल्या.

आता काही गोष्टी परिस्थितीवर आहेत, त्या आधी फोन करून विचारून घ्या. एचआरला विचारलं तर कोणी वाईट मानत नाही, उलट बरं वाटतं. एक, १० मिनिटं म्हणजे प्रश्न धरून की प्रश्न वेगळे. दोन, पॅनेलवर कोण आहे. प्लांट हेड, क्वालिटी हेड आणि एचआर असं त्रिकूट असेल तर मी खाली सांगतोय ते बरोबर बसेल. पण पहिल्या फेरीत फक्त एचआर आणि वेगळ्या डिपार्टमेंटचा कोणी असेल तर टेक्निकल भाग निम्मा करून माणसांकडून काम कसं करून घेतलं त्यावर जास्त वेळ द्यावा लागेल. तीन, भाषा. पुण्याच्या बऱ्याच प्लांटमध्ये पॅनेल मराठी-हिंदी-इंग्रजी मिक्स बोलतं, पण मॅनेजमेंट बाहेरची असेल तर पूर्ण इंग्रजी लागतं, आणि हे आदल्या दिवशी कळण्यापेक्षा आज कळलेलं बरं.

मुख्य मुद्द्यावर येतो. तुम्ही प्रोजेक्ट असा लिहिलाय की रिजेक्शन इतक्यावरून इतकं आणलं, कारण पार्ट गरम मोजत होते. त्यात तुम्ही कुठेच नाही. गरम ॲल्युमिनियम मोठं मोजलं जातं हे समोर बसलेल्या तिघांपैकी दोघांना कॉलेजपासून माहितीये. त्यांना हवंय ते हे की गरम पार्ट मोजला जातोय हे तुमच्या लक्षात कशावरून आलं, तेच कारण आहे याची खात्री तुम्ही कशी केली, आणि कारण कळल्यावर करण्यासारख्या तीनचार गोष्टींपैकी तुम्ही हीच का केली. यातली तिसरी गोष्ट सगळ्यात मोलाची आणि बहुतेक जण तिलाच एक ओळ देतात, "ॲक्शन टेकन: मेजरमेंट मेथड चेंज्ड" आणि पुढची स्लाइड. माझ्या मते तुमच्या १० मिनिटांतली निम्मी तरी या तिसऱ्या गोष्टीच्या आजूबाजूला जायला हवीत.

तुमचे तपशील मला माहीत नाहीत, म्हणून या प्रकारच्या कामात सहसा असतात तसे आकडे धरून एकदा पूर्ण मांडून दाखवतो, तुम्ही तुमचे घाला. समजा बोअर ४२ एच-सेव्हन आहे, म्हणजे ४२.००० ते ४२.०२५. ऑपरेटर दर तासाला पार्ट काढतो, स्टीलच्या मास्टर रिंगवर झिरो केलेल्या बोअर गेजने मोजतो आणि गरज वाटली तर ऑफसेट देतो. फायनल इन्स्पेक्शनला तेच पार्ट दुसऱ्या दिवशी अंडरसाइज निघतात. दिवसाला ६०० पार्ट, ४ टक्के म्हणजे २४.

सुरुवात कशी करायची ते बघा. नेहमी ऐकायला मिळतं ते असं: गुड मॉर्निंग, माझं नाव अमुक, मग कंपनी प्रोफाइल, प्लांट कुठे कुठे, कस्टमरचे लोगो, क्वालिटी पॉलिसी, टीमचा फोटो, मग "प्रॉब्लेम सिलेक्शन". इथपर्यंत तीन मिनिटं गेलेली असतात आणि पॅनेलवरचा एक जण बायोडेटा चाळायला लागलेला असतो. त्याऐवजी नाव सांगून झालं की सरळ असं बोला:

"आमच्या लाइनवर ॲल्युमिनियम हाउसिंगचा ४२ चा बोअर मशीनवर पास होत होता आणि दुसऱ्या दिवशी फायनलला त्यातलेच ४ टक्के अंडरसाइज निघत होते. सगळ्यांना वाटत होतं की इन्सर्ट लवकर झिजतोय. मला सांगितलं होतं इन्सर्टचं लाइफ कमी करून बघ. मी आधी वेगळी गोष्ट तपासायचं ठरवलं, तिथून पुढचं सांगतो."

हे बोलायला अर्धं मिनिट लागतं. त्यात पार्ट आला, आकडा आला, चुकीचा समज काय होता तो आला आणि तुम्ही काहीतरी ठरवलं हेही आलं. आता पॅनेलला पुढचं ऐकायचंय. कंपनी प्रोफाइल त्यांना नकोय, चाकणमधल्या चाकणमध्ये एकमेकांच्या कंपन्या सगळ्यांना माहीत असतात.

पुढचा भाग म्हणजे लक्षात कशावरून आलं. इथे एकच ग्राफ दाखवा. फिशबोन दाखवू नका. फिशबोनवर २० काटे असतात, त्यातले १९ तुम्ही सोडून देणार असता, आणि पॅनेलवरचा कोणीतरी नेमका त्या १९ मधला एक पकडून "कूलंट कॉन्सन्ट्रेशनचं काय केलं" विचारतो आणि तुमचे ९० सेकंद तिथे जातात. ग्राफ कुठला, तर आडव्या अक्षावर दिवसाचे तास आणि उभ्या अक्षावर त्या तासात बनलेल्यांपैकी किती पार्ट अंडरसाइज निघाले. वीकली ऑफनंतर मशीन चालू झालं की पहिले दोनेक तास जवळजवळ काही नाही, दुपारनंतर चढत जातं, जेवणाच्या सुट्टीनंतर थोडं खाली येतं, परत चढतं. इन्सर्ट झिजत असता तर हा चढउतार इन्सर्ट बदलण्याबरोबर फिरला असता, तो घड्याळाबरोबर फिरतोय. घड्याळाबरोबर मशीनवर काय बदलतं, तर टाकीतलं कूलंट तापतं, चिलर नसेल तर उन्हाळ्यात शॉपच्या तापमानापेक्षा १० डिग्री वर सहज जातं, आणि पार्ट त्या कूलंटच्या तापमानाला बाहेर येतो. हे एवढं त्या एका ग्राफवर बोट ठेवून सांगता येतं. स्लाइडवर ग्राफ आणि वर एक पूर्ण वाक्य, "अंडरसाइज पार्ट इन्सर्ट बदलण्याबरोबर नाही, वेळेबरोबर वाढतात", बाकी काही नको. स्लाइडचं शीर्षक "डेटा ॲनॅलिसिस" असं ठेवू नका, ज्याचं लक्ष क्षणभर गेलं होतं त्याला नुसतं शीर्षक वाचून कळायला हवं तुम्ही कुठे आहात.

मग खात्री. इथे पॅनेलवरचा क्वालिटीवाला पुढे सरकून बसतो, त्यामुळे घाई करू नका. कारण सापडलं असं म्हणणं सोपं आहे, ते चालू-बंद करून दाखवता आलं पाहिजे. तुम्ही बहुधा हेच केलं असेल: दुपारी मशीनवरून आलेले ३० एक पार्ट घेतले, नंबर टाकले, लगेच मोजले, खोलीच्या तापमानाला येऊ दिले, त्याच गेजने त्याच मास्टरवर झिरो करून परत मोजले. प्रत्येक पार्ट ९-१० मायक्रॉनने लहान भरला. आता इथे एक हिशोब तोंडी सांगा, तोंडी सांगितलेला जास्त भारी पडतो. ॲल्युमिनियम मीटरला डिग्रीमागे साधारण २३ मायक्रॉन वाढतं, ४२ मिलिमीटरला १० डिग्रीला ते साडेनऊच्या आसपास येतं. म्हणजे मोजलेला फरक आणि काढलेला फरक जुळला. ऑपरेटरला गेजवर ४२.०१२ दिसत होतं, अगदी मधोमध, तो खूश होता, पण थंड झाल्यावर तोच बोअर ४२.००२ होता, खालच्या लिमिटला चिकटलेला, त्यात इन्सर्ट थोडा झिजला की लिमिटच्या खाली. त्यामुळे इन्सर्टवर आलेला संशय सगळाच चुकीचा नव्हता, झिजेमुळे शेवटचा धक्का बसत होता, पण जागा गरम मापानेच खाल्ली होती. हे शेवटचं वाक्य नक्की सांगा. आधीच्या लोकांना मूर्ख न ठरवता त्यांचा समज कुठून आला हे तुम्हाला समजलंय, हे त्यातून दिसतं. असिस्टंट मॅनेजरला प्रॉडक्शनशी रोज बोलायचं असतं आणि हे ऐकून प्लांट हेड मनात एक टिक करतो.

आणि याच ठिकाणी गेज आर अँड आर केलं होतं का हा प्रश्न हमखास येतो. केलं असेल तर आकडा तोंडपाठ ठेवा, नसेल केलं तर नाही केलं म्हणा आणि का ते सांगा. स्लाइड मात्र नको त्याची.

आता निर्णय. कारण कळल्यावर समोर किमान तीन रस्ते होते आणि पॅनेलला ते तिन्ही दिसले पाहिजेत. पहिला, सगळ्यात स्वस्त, ऑपरेटरला सांगायचं की गरम पार्ट वरच्या बाजूला ठेव, गेजवर १२ ऐवजी २२ दाखवू दे, थंड झाल्यावर १२ होईल. दुसरा, महागडा, टेंपरेचर कॉम्पेन्सेशन असलेलं गेजिंग घ्यायचं किंवा कूलंटला चिलर बसवायचा. तिसरा, पार्ट थंड करून मगच ऑफसेटचा निर्णय घ्यायचा.

पहिला रस्ता का नाही, हे ज्याला सांगता आलं त्याला ती लाइन कळली असं मी धरतो. कारण पार्ट दरवेळी सारखाच गरम नसतो. सकाळी कूलंट थंड असतं, जेवणाच्या सुट्टीनंतर पहिले काही पार्ट कमी गरम असतात, पावसाळ्यात वेगळं, मेमध्ये वेगळं. गेजवर २२ धरून बसलो आणि पार्ट थंडच होता तर तो खरंच २२ आहे, वरच्या लिमिटपासून तीनच मायक्रॉन खाली, एखादा पार्ट लिमिटच्या बाहेर जाणारच. आणि अंडरसाइज बोअर परत बोअरिंग करून वाचवता येतो, ओव्हरसाइज सरळ स्क्रॅप. म्हणजे स्वस्त उपायाने आपण रीवर्क देऊन स्क्रॅप विकत घेतला असता. दुसऱ्या रस्त्याला पैसे आणि मंजुरी, तोवर महिने जाणार. म्हणून तिसरा.

पण तिसऱ्यालाही किंमत आहे आणि ती तुम्हीच आधी सांगा, पॅनेलने विचारायची वाट बघू नका. पार्ट जाड ॲल्युमिनियमच्या प्लेटवर पंख्याखाली २० मिनिटं ठेवला तर खोलीच्या जवळपास येतो असं धरू, सायकल टाइम २ मिनिटं असेल तर तेवढ्या वेळात मशीन आणखी १० पार्ट काढतं. मधेच इन्सर्टचा कोपरा उडाला तर ते १० पार्ट गेले. मग काय केलं? मोजणं दोनदा ठेवलं. मशीनवरून आल्याबरोबर गरमच एक चेक, फक्त मोठी उडी पकडायला, त्यावर ऑफसेट द्यायचा नाही हा नियम. आणि थंड झाल्यावर दुसरा चेक, ऑफसेट फक्त त्यावर. मास्टर रिंगही त्याच प्लेटवर ठेवायची, म्हणजे पार्ट आणि मास्टर एका तापमानाला. तुमच्याकडे नेमकं असंच नसेल झालं, पण काहीतरी देवाणघेवाण झालीच असेल, ती शोधा. जी ॲक्शन फुकटात पडली आणि जिचा तोटा काहीच नाही अशी सांगितली जाते, तिच्यावर प्लांट चालवणारा माणूस विश्वास ठेवत नाही.

या भागाला मी चार-साडेचार मिनिटं देईन आणि स्लाइड एकच, तीन रस्ते तीन ओळीत, प्रत्येकापुढे अडचण चार शब्दात. बोलायचं तुम्ही, स्लाइडने नाही.

इथपर्यंतचा हिशोब: सुरुवात अर्धं-पाऊण मिनिट, ग्राफ दीड मिनिट, खात्री दीड मिनिट, निर्णय सव्वाचार धरा, झाली आठ. राहिलं निकाल आणि शिल्लक, त्याला एक मिनिट. एकूण नऊ. दहावं मिनिट मोकळं सोडा, कारण तिथे कोणीतरी मधेच बोलणारच, प्रोजेक्टर रुसणारच, आणि "सर फक्त दोन स्लाइड राहिल्यात" हे वाक्य कोणाच्याच फायद्याचं नाही. स्लाइड मोजल्या तर पाच होतात, सहावी फार तर. बोलण्याचा वेग मिनिटाला ११०-१२० शब्द धरा, म्हणजे नऊ मिनिटांना हजार-अकराशे शब्द, लिहून काढलंत आणि दीड हजार झाले तर वेग वाढवू नका, मजकूर कापा. घड्याळ लावून मोठ्याने उभं राहून म्हणा, मनात म्हटलेलं नेहमी लवकर संपतं.

निकालाबद्दल दोन गोष्टी, आणि इथे चांगले चांगले अडकतात. एक म्हणजे पैशांचा आकडा. बायोडेटात लिहिलेलं असतं वर्षाला इतक्या लाखांची बचत, आणि तो आकडा कसा काढलाय तर कमी झालेले पार्ट गुणिले पार्टची किंमत. तुमच्याच केसमध्ये बघा, दिवसाला २४ वरून समजा ६ वर आलात, १८ पार्ट वाचले, महिन्याचे २५ दिवस धरून ४५०. पार्ट ३५० रुपयांचा धरला तर महिन्याला १ लाख ५७ हजार ५०० होतात. पण ते अंडरसाइज होते, बरेचसे रीवर्क होऊन पास झाले असतील, मग वाचली ती पार्टची किंमत नाही, रीवर्कचा मशीन टाइम, इन्सर्ट आणि परत तपासणी. ते समजा पार्टला ४० रुपये पडत असेल तर महिन्याला १८ हजार होतात. पॅनेलवरचा प्लांट हेड हा गुणाकार मनात करतो आणि त्याने "रीवर्क होत होते की स्क्रॅप?" विचारलं की दीड लाखाचे अठरा हजार होतात, आणि त्यानंतर तुमच्या बाकीच्या खऱ्या आकड्यांकडेही तो तसंच बघतो. त्यापेक्षा १८ हजारच सांगा, कसे काढले ते सांगा, आणि जोडून सांगा की मोठा फायदा पैशांचा नव्हता, फायनलला सॉर्टिंगला लागणारी माणसं मोकळी झाली आणि कस्टमरकडे अंडरसाइज जायची भीती गेली. हा आकडा लहान आहे म्हणून कोणी तुम्हाला नाकारणार नाही.

दुसरी गोष्ट, सुधारणा टिकली का. आधी-नंतरचे दोन बार सगळे दाखवतात, त्यातला नंतरचा बार बहुतेक वेळा उपाय केल्यानंतरच्या एकाच महिन्याचा असतो. तुमच्या केसमध्ये तर हे जास्तच जपून, कारण उपाय समजा नोव्हेंबरमध्ये केला असेल तर रिजेक्शन थंडीमुळेही कमी झालं असेल! हा प्रश्न मी तरी नक्की विचारला असता. म्हणून पुढच्या उन्हाळ्याचा डेटा असेल तर तो महिन्यांच्या ओळीत दाखवा, एप्रिल-मेलाही खाली राहिलं एवढं दिसलं की वाद संपला. नसेल उन्हाळा आला अजून, तर सांगा की डेटा फेब्रुवारीपर्यंतचा आहे, खरी परीक्षा मेमध्ये. ही गोष्ट स्वतःहून सांगणारा उमेदवार मी फार कमी पाहिलाय आणि ज्याने सांगितली तो लक्षात राहिला.

शिल्लक म्हणजे काय सुटलं नाही. १ टक्क्याच्या आत आणलंत म्हणजे काहीतरी अजून आहे, ते कशाने आहे? पोरोसिटीमुळे, क्लॅम्पिंगमुळे बोअर ओव्हल होतो म्हणून, की रात्रपाळीला नियम पाळला जात नाही म्हणून? दोन वाक्यं पुरेत, पण माहीत असायला हवं.

आता "मी" आणि "आम्ही". आपल्याकडे मी मी करणं बरं दिसत नाही म्हणून सगळं आम्ही केलं असं सांगितलं जातं, आणि पॅनेलला शेवटपर्यंत कळत नाही की हा माणूस त्या टीममध्ये नक्की काय करत होता. उलट सगळंच मी केलं म्हणणारा तर लगेच कळतो, कारण प्लेट बनवली मेंटेनन्सने, नियम पाळला ऑपरेटरने, सही मॅनेजरची. सोपा उपाय आहे, क्रियापदाला माणूस लावायचा. "तासाप्रमाणे डेटा मी लावला. गरम-थंड ट्रायल मी आणि लाइन इन्स्पेक्टरने मिळून घेतली. गरम मापावर ऑफसेट द्यायचा नाही हे मी सुचवलं, प्रॉडक्शन मॅनेजरचा विरोध होता, त्यांनी एका मशीनवर एक आठवडा करून बघायला परवानगी दिली." हे शेवटचं वाक्य खरं असेल तर त्यावर अर्धं मिनिट जास्त द्या, निर्णयाच्या वेळातूनच काढा, कारण विरोध कसा हाताळला हा प्रश्न एचआरच्या यादीत असतोच आणि इथे तो आपोआप सुटतो. ऑपरेटरचा उल्लेखही करा. घड्याळाप्रमाणे फरक पडतो हे बऱ्याचदा आधी त्यालाच माहीत असतं, "दुपारी माल बिघडतो साहेब" असं तो कधीतरी बोललेला असतो. तसं झालं असेल तर श्रेय त्याला द्या.

गोपनीयतेचं बघा, हे बरेच जण विसरतात. कस्टमरचं नाव, पार्ट नंबर, ड्रॉइंगचा स्कॅन, शॉपचा फोटो, हे काही नको. ड्रॉइंग बहुतेक वेळा कस्टमरच्या मालकीचं असतं, आणि तुम्ही ज्या कंपनीत जाताय ती त्याच कस्टमरला माल देत असेल तर प्रकरण जास्तच नाजूक. हाताने साधं स्केच काढा, एक चौकोन, त्यात एक बोअर, त्याचं माप, झालं. रिजेक्शनचा टक्का सांगायलाही संकोच असेल तर सुरुवातीचा १०० धरून "२५ वर आलं" असं सांगा, आणि का तसं सांगताय ते एका वाक्यात बोला. पॅनेल याने नाराज होत नाही. उलट आजच्या कंपनीचे कागद इथे उघडणारा माणूस उद्या आमचे कुठे उघडेल असं आम्हाला वाटतं. तसंच खरा पार्ट बॅगेत घालून नेऊ नका, गेट पासशिवाय कंपनीतून बाहेर काढलेला पार्ट टेबलावर ठेवला की पहिला विचार तोच येतो.

प्रश्नोत्तरांसाठी मुख्य स्लाइडनंतर दोनतीन जादा स्लाइड ठेवा, त्या दाखवायच्या नाहीत, विचारलं तरच उघडायच्या. गरम-थंड ट्रायलचा पार्टनिहाय तक्ता, गेज आर अँड आर असेल तर तो, बचतीचा हिशोब. उत्तर देताना आधी हो, नाही किंवा आकडा, मग कारण. "पार्टऐवजी मशीनच तापून वाढत असेल तर?" असा प्रश्न आला तर घाबरू नका, चांगला प्रश्न आहे, स्पिंडल तापून सरकतोच, पण त्याने मुख्यतः बोअरची जागा हलते, आणि एकच पार्ट मशीनपासून लांब ठेवून दोनदा मोजला तेव्हा जो फरक आला त्यात मशीनचा संबंधच नाही. असं उत्तर तुमच्या ट्रायलमध्येच दडलेलं असतं, म्हणून ट्रायल नीट सांगा म्हणालो.

जायच्या दिवसाचं. बऱ्याच प्लांटमध्ये गेटवर मोबाइलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लावतात, पेन ड्राइव्ह आत नेऊ देत नाहीत आणि नेला तरी त्यांच्या लॅपटॉपला यूएसबी बंद असतं. म्हणून फाइल आदल्या दिवशी एचआरला मेल करा, पीडीएफ करून, म्हणजे मराठी अक्षरं किंवा ग्राफ त्यांच्या मशीनवर विस्कटत नाहीत. ॲनिमेशन ठेवूच नका, पीडीएफमध्ये ती चालत नाहीत. आणि पाचही स्लाइड ए-फोरवर छापून चार सेट बॅगेत ठेवा. प्रोजेक्टर नाहीच चालला तर एकेक सेट त्यांच्या हातात द्या आणि ग्राफच्या पानापासून बोलायला लागा.